फाटकावरचे पैसे आणि पाळण्याचे पैसे

जुलै १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा मोठ्या माणसाला आत शिरायला १ डॉलर पडायचा. पण तेवढ्यावर कशातच बसता येत नसे. प्रत्येक राइडचे तिकीट वेगळे काढावे लागे. काही महिन्यांत तिकिटांच्या पुस्तिका आल्या. त्यांत ए, बी, सी असे दर्जे होते, पुढे डी आला आणि १९५९ मध्ये, मॅटरहॉर्न डोंगरावरून खाली झेपावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या त्या वर्षी, सगळ्यांत भारी राइड्ससाठी ई तिकीट आले. म्हणजे पाहुण्याला दोनदा पैसे मोजावे लागत: एकदा फाटकावर, आणि मग आत प्रत्येक फेरीला.

१९७१ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर ओई यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता. मिकी माऊस एकाच मालकाकडे आहे, त्याला स्पर्धक नाही. मग त्याने प्रवेश महाग ठेवून राइड स्वस्त द्याव्यात, की प्रवेश फुकट देऊन प्रत्येक राइडवर कमाई करावी? या दोन भागांच्या दराचा विचार अर्थशास्त्रात आधीही झाला होता, पण ओईंच्या निबंधानंतर डिस्नेलँड हेच त्याचे ठरलेले उदाहरण झाले.

आपल्याकडच्या जत्रेत हा प्रश्न उभाच राहत नाही. आकाशपाळणा एकाचा, मौत का कुआँ दुसऱ्याचा, आणि मैदान सगळ्यांना मोकळे. मैदानाला फाटक नसल्यामुळे पाळणेवाल्याकडे फेरीचे पैसे घेण्याखेरीज मार्ग नाही. फाटक ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याच हाती दराचे दोन दोर असतात. ते त्याने किती ओढावेत, हे एका काल्पनिक बागेच्या हिशेबाने पाहू.

समजा, बागेत येणारा प्रत्येक पाहुणा आवडीने आणि ऐपतीने अगदी सारखा आहे. पहिल्या फेरीसाठी तो जास्तीत जास्त १०० रुपये द्यायला तयार आहे. दुसऱ्या फेरीची मजा थोडी कमी, म्हणून तिला ९०, तिसरीला ८०, असे उतरत दहाव्या फेरीला १०. त्यानंतर त्याला काहीच नको. मालकाला प्रत्येक फेरीमागे वीज, झीज आणि माणसांचा मिळून २० रुपये खर्च येतो. बाग उभारण्याचा मोठा खर्च तूर्त बाजूला ठेवू.

आधी फाटक फुकट ठेवून फक्त फेरीचे पैसे घेऊन बघा. दर ६० ठेवला, तर पाहुणा पाच फेऱ्या घेतो. सहावीची किंमत त्याच्या लेखी ५०च आहे. मालकाला प्रत्येक फेरीत ४० सुटतात, म्हणजे एका पाहुण्यामागे २०० रुपये नफा. दर ७० केला तर फेऱ्या चार होतात आणि नफा तेवढाच राहतो. ८० केला की तो १८० वर येतो, ५० केला तरी १८०. एकट्या फेरीच्या दरातून २०० च्या वर जाता येत नाही.

पण ६० च्या दराला पाहुण्याच्या पदरात काय पडले, हेही मोजले पाहिजे. पहिली फेरी त्याच्या लेखी १०० ची होती, तो ६० देऊन बसला, ४० वाचले. दुसरीत ३०, तिसरीत २०, चौथीत १०, पाचवीत काही नाही. एकूण १०० रुपयांचे समाधान त्याने न मोजता घरी नेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यालाच उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. फाटक हातात असलेला मालक ते तिथे राहू देणार नाही. तो फेरीचा दर ६० च ठेवून प्रवेशाला १०० रुपये लावेल. पाहुणा तरीही येईल, कारण घरी बसूनही त्याच्या हाती काही लागत नाही. मालकाचा नफा २०० वरून ३०० होतो.

बहुतेकांना वाटते की इथे मालकाने सगळे पिळून घेतले. खरे म्हणजे अजून बरेच बाकी आहे. सहावी फेरी पाहुण्याच्या लेखी ५० रुपयांची आहे आणि मालकाला ती २० ला पडते, पण ६० च्या दरामुळे ती होतच नाही. ते ३० रुपयांचे समाधान कुणाच्याच खिशात जात नाही. ते निर्माणच होत नाही. सातव्या फेरीचे २० आणि आठवीचे १० असेच वाया जातात. नववी फेरी काठावरची आहे: किंमत २०, खर्चही २०.

म्हणून मालकाने दर खाली आणावा. ४० वर आणला तर पाहुणा सात फेऱ्या घेतो, त्याच्याकडे २१० चे आधिक्य उरते आणि तेवढे प्रवेशशुल्क लावता येते. फेऱ्यांवर सुटलेले १४० धरून नफा ३५० होतो. आणखी खाली, थेट खर्चाइतक्या २० रुपयांवर आले, की फेऱ्यांतून मालकाला एक पैसाही सुटत नाही. पण पाहुणा नऊ फेऱ्या घेतो, त्यांचे त्याच्या लेखी मोल ५४०, फेऱ्यांना दिले १८०, म्हणून फाटकावर ३६० मागता येतात. नफा ३६०. आता लोभाने किंवा उदारपणाने दर १० केला, तर दहावी फेरीही होते, पण ती २० रुपये खर्चून १० रुपयांची मजा देणारी आहे. प्रवेशशुल्क ४५० पर्यंत चढते, फेऱ्यांवर १०० चा तोटा होतो, आणि नफा पुन्हा ३५० वर येतो.

ओईंच्या निष्कर्षाचा गाभा इतकाच: पाहुणे सारखे असतील, तर फेरीचा दर एका जादा फेरीला येणाऱ्या खर्चाइतका, म्हणजे सीमांत खर्चाइतका ठेवायचा, आणि त्या दराला पाहुण्याकडे जेवढे आधिक्य उरेल तेवढे सगळे फाटकावर घ्यायचे. पाहुण्याचे आधिक्य शेवटी आपल्याच गल्ल्यात येणार हे ठाऊक असल्यामुळे ते शक्य तितके वाढवणे हा मालकाचाच स्वार्थ ठरतो. बाग उभारण्याचा खर्च कितीही मोठा असो, फेरीचा दर त्याने बदलत नाही. तो खर्च फाटकाच्या पैशांतून निघतो की नाही, यावर बाग चालवायची की बंद ठेवायची एवढेच ठरते.

या निष्कर्षाला दोन बाजू आहेत आणि त्या वेगवेगळ्याच पाहायला हव्यात. मक्तेदारीवरचा नेहमीचा आक्षेप असा की मक्तेदार माल कमी विकतो. आपल्या बागेत एकाच दराने पाचच फेऱ्या झाल्या. दोन भागांच्या दराने नऊ होतात, म्हणजे फेऱ्यांसाठी चढाओढ असती तर झाल्या असत्या तेवढ्याच. वाया काहीच जात नाही. पण त्या नऊ फेऱ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या पाहुण्याने ५४० रुपयांच्या मजेसाठी ५४० रुपयेच मोजलेले असतात. आधी पाचच फेऱ्यांत तो १०० रुपयांनी फायद्यात होता. उत्पादन वाढले, ग्राहकाचा वाटा शून्य झाला. ‘कार्यक्षम’ हा शब्द ऐकला की त्यात ग्राहकाचे भले गृहीत धरले जाते. ते धरू नये.

डिस्नेलँडने हा धडा प्रत्यक्षात गिरवला का? १९८२ मध्ये तिकिटांच्या पुस्तिका बंद झाल्या आणि एकदा आत गेले की हव्या तितक्या राइड्स, अशी पद्धत आली. चालू असलेल्या गाडीत रिकाम्या जागी आणखी एक माणूस बसला तर खर्च जवळजवळ वाढत नाही, आणि प्रत्येक दारावर तिकीट फाडायला माणूस ठेवण्याचा खर्च मात्र वाचतो. त्या हिशेबाने फेरीचा दर शून्य ठेवणे सूत्राला धरूनच होते.

गर्दीच्या दिवशी मात्र रिकामी जागा नसते. तेव्हा रांगेत शिरलेला प्रत्येक माणूस मागच्या सगळ्यांचा वेळ खातो. मालकाच्या वहीत हा खर्च दिसत नाही, पण रांगेत कंटाळलेल्या पाहुण्याला बागेचे मोल कमी वाटते आणि फाटकावर मागता येणारी रक्कम घटते. म्हणून खर्च मोजताना विजेसोबत इतरांचा थांबण्याचा वेळही धरावा लागतो, आणि तो धरला की गर्दीच्या राइडचा योग्य दर शून्य राहत नाही. डिस्नेने १९९९ मध्ये रांग टाळण्यासाठी वेळ राखून देणारे फास्टपास फुकट सुरू केले. २०२१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी पैसे देऊन वापरायची लाइटनिंग लेन आली. तिच्यात काही लोकप्रिय राइड्सचे पैसे एकेका राइडमागे वेगळे घेतले जातात.

सूत्र सर्वांत आधी मोडते ते पाहुणे सारखे नसतात तेव्हा. समजा, आपल्या उत्साही पाहुण्यासोबत पाच जण असे आहेत, की ज्यांना पहिली फेरीच ६० रुपयांची वाटते, पुढची ५०, मग ४०. फेरीचा दर २० ठेवला तर या पाच जणांकडून फाटकावर १०० पेक्षा जास्त मागता येत नाहीत, आणि सगळ्यांना एकच शुल्क असल्याने उत्साही पाहुणाही १०० देऊनच आत जातो. सहा जणांचे मिळून ६००. आता दर ३० आणि प्रवेश ६० करून पाहा. पाच जणांकडून प्रवेश आणि फेऱ्या मिळून पूर्वीइतकेच शंभर-शंभर सुटतात, पण उत्साही पाहुणा आठ फेऱ्या घेतो आणि त्याच्याकडून १४० मिळतात. एकूण ६४०. जास्त वापरणाऱ्याला फाटकावर ओळखता येत नाही, म्हणून त्याच्याकडून फेरीच्या दरातून घ्यावे लागते. एखादी बाग फेऱ्यांवर खर्चापेक्षा बरेच जास्त आकारत असेल, तर तिच्याकडे नाना तऱ्हेचे पाहुणे येतात, असे समजायला जागा आहे.

दुसरी अट हस्तांतराची. एकाने प्रवेशशुल्क भरून आतला स्वस्त माल दहा जणांना वाटला, तर फाटकाला अर्थ उरत नाही. पाळण्यात प्रत्येकाला स्वतःच बसावे लागते, म्हणून बागेला ही भीती नाही. सभासदांनाच माल विकणारी घाऊक दुकाने सभासदाचे कार्ड त्याच्याच नावाने देतात आणि दारात तपासतात, त्यामागे हीच काळजी असते.

महाराष्ट्रात घरोघरी येणाऱ्या विजेच्या बिलातही हे दोन भाग दिसतात: स्थिर आकार, आणि वापरलेल्या युनिटांप्रमाणे वीज आकार. मात्र ते दर वीज कंपनी स्वतःच्या मर्जीने लावत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग ते ठरवतो. घरगुती वापराचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे ते आपल्या बागेइतके सरळ नाही. तरी नियमनाने काय बदलते, हे बागेच्याच आकड्यांत दाखवता येते. बाग उभारण्याचा खर्च माणशी १०० रुपये पडतो असे धरा आणि नियामकाने तेवढेच शुल्क मान्य केले असे समजा. फेरीचा दर २० च राहील, फेऱ्याही नऊच होतील. फक्त फाटकावर ३६० ऐवजी १०० घेतले जातील, आणि उरलेले २६० रुपयांचे समाधान पाहुण्याकडे राहील.