शंभर खोल्या लागतील, बेस्ट रेट कळवा

‘आमच्या कंपनीची वार्षिक डीलर कॉन्फरन्स जानेवारीत गोव्यात घ्यायचा विचार आहे. साधारण शंभर खोल्या लागतील. बेस्ट रेट कळवा.’ अशी मेल पाठवणाऱ्याला वाटतं, शंभराचा आकडा पाहून हॉटेलवाले धावत येतील. प्रत्यक्षात येतात उलटे दहा प्रश्न, नाहीतर चढाच दर. ग्राहकाने आपली माहिती झाकून ठेवली की समोरचा स्वतःच्या सोयीचा अंदाज धरतो, आणि हॉटेलचा अंदाज कधी स्वस्ताच्या बाजूला झुकत नाही.

या मेलला धंद्यात आरएफपी म्हणतात. आम्हाला काय हवंय ते आम्ही सांगतो, तुम्ही दर आणि अटींसह प्रस्ताव द्या, एवढाच तिचा अर्थ. हॉटेलात ती मुख्यतः दोन जण बघतात. सेल्स मॅनेजरला काम मिळवायचं असतं. रेव्हेन्यू मॅनेजर मात्र निराळाच हिशेब मांडतो: याच खोल्या याच रात्री सुट्या पर्यटकांना काय भावाने गेल्या असत्या? ग्रुपला खोल्या दिल्या की ते पर्यटक परत पाठवावे लागणार. ती कमाई बुडू नये असा दर तो धरतो.

म्हणून दर ठरतो तो वारावर. गोव्यात शुक्रवार-शनिवारी गर्दी असते. मुंबई-पुण्यातली व्यावसायिकांची हॉटेलं नेमकी उलट, आठवड्याच्या मधल्या दिवसांत भरलेली. गोव्यात शनिवार-रविवार मागणारी कंपनी सगळ्यात महाग रात्र मागत असते. ‘सोमवारी येऊ, बुधवारी निघू, एक आठवडा पुढे-मागे चालेल’ हे एक वाक्य दहा वेळा ‘बेस्ट रेट’ लिहिण्यापेक्षा जास्त काम करतं. लग्नाची दाट तिथी आणि नाताळ ते नववर्षाचे दिवस टाळले तर आणखी बरं.

आता त्या शंभर खोल्या. पुण्याची एक पंप बनवणारी कंपनी धरू. डीलर १४०, कंपनीची माणसं १६. डीलर दोघे-दोघे राहणार म्हणजे ७० खोल्या. कंपनीतले चार वरिष्ठ एकेकटे, उरलेले बारा जोडीने, म्हणजे आणखी १०. एकूण ८०. शिवाय स्टेज आणि किट बॅगांची तयारी करणारी टोळी आदल्या रात्रीच पोचते, तिला ८ खोल्या. मेलमध्ये हे रात्रवार लिहावं: रविवार ८, सोमवार ८०, मंगळवार ८०. बेरीज १६८. हॉटेलच्या भाषेत या १६८ रूम नाइट्स, आणि ग्रुपची किंमत याच आकड्यावर जोखली जाते. ‘साधारण शंभर’मधल्या वीस खोल्या कुठून आल्या होत्या? वाढवून सांगितलं की सूट जास्त मिळते, या समजुतीतून.

ही समजूत अंगाशी येते. हॉटेल आपल्यासाठी खोल्या अडवून ठेवतं, त्याला ब्लॉक म्हणतात. करारात बहुधा एक अट असते: अडवलेल्यांपैकी अमुक टक्के तरी वापरा, नाहीतर फरक भरा. ही सवलत अनेकदा १० ते २० टक्क्यांची असते. आपल्या उदाहरणात १० टक्के धरले तर १६८ पैकी १५१ रूम नाइट्स भरल्याच पाहिजेत. दर ७,००० रुपये असेल आणि आयत्या वेळी डीलर गळून १४०च भरल्या, तर ११ रूम नाइट्सचे ७७,००० रुपये कोणी न झोपलेल्या पलंगांसाठी जातात. आणि मुळात फुगवून शंभर खोल्या दोन रात्री अडवल्या असत्या तर? तयारीच्या रात्रीसह २०८ रूम नाइट्स, त्यांचे ९० टक्के १८७. सगळे डीलर हजर राहूनही १६८च भरणार. म्हणजे १९ रूम नाइट्सचा, १,३३,००० रुपयांचा भुर्दंड घरबसल्या.

गळती किती होईल हे ठरवायला गेल्या दोन-तीन वर्षांची हजेरी बघावी. १४० बोलावले आणि १२५ आले असा इतिहास असेल, तर तोच आकडा मेलमध्ये लिहावा. हॉटेलला तो आवडतो, कारण मागच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. सोबत दोन गोष्टी आधीच विचाराव्यात. किती तारखेपर्यंत दंडाशिवाय खोल्या कमी करता येतील? आणि गळती रात्रवार मोजणार की सगळ्या रात्री मिळून? दुसरी पद्धत आपल्या फायद्याची, कारण एका रात्रीची तूट दुसरीकडे भरून निघू शकते.

खोलीत पलंग कसे आहेत, हा प्रश्न किरकोळ वाटतो आणि सगळ्यात जास्त भांडणं लावतो. पर्यटकांच्या हॉटेलांत जोडप्यांसाठीचा एकच मोठा पलंग असलेल्या खोल्या पुष्कळ, दोन सुट्या पलंगांच्या मोजक्या. कोल्हापूरचे पन्नाशीतले डीलर आणि जळगावचे तितकेच भारदस्त डीलर एका पांघरुणात झोपणार नाहीत. ‘७६ खोल्या ट्विन बेडच्याच हव्यात, तुमच्याकडे एकूण किती आहेत?’ असं मेलमध्ये स्पष्ट विचारावं. उत्तर ४५ आलं तर ते हॉटेल कितीही सुंदर असो, आपल्या कामाचं नाही. जादा गादी टाकून देतो, या आश्वासनावर डीलर खूश होत नाहीत.

करांचं गणित तर मेल लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ला पडते, ७,६००ची ८,९६८ला. शंभर रुपये वाढले आणि खिशातून १,०९३ गेले. त्यात खोलीवरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. गोव्याच्या बिलात गोव्याचा राज्य कर असतो, त्यामुळे फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो. तेव्हा दर करासह आणि कराशिवाय असे दोन्ही मागवावेत, आणि घासाघीस त्या ७,५००च्या रेषेभोवती करावी.

हॉलचं थोडक्यात. ‘दीडशे माणसांचा हॉल’ याला अर्थ नाही. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर दीडशे बसतील त्या हॉलमध्ये गोल टेबलं लावली की माणसं खूपच कमी मावतात. मांडणी कोणती, स्टेज आणि पडदा केवढा, आदल्या रात्री हॉल ताब्यात मिळेल का, जेवण त्याच हॉलमध्ये की बाहेर, हे लिहावं. पाहुण्यांचं विमान दाबोळीला उतरणार की मोपाला, तेही. सकाळी नऊला पोचलेल्या ऐंशी जणांना दुपारी दोनच्या चेक-इनपर्यंत कुठे बसवणार, हे विचारायला विसरू नये.

शेवटी दोन तारखा द्याव्यात: प्रस्ताव कधीपर्यंत हवा आणि निर्णय कधी कळवणार. मेल वीस हॉटेलांना फेकू नका. नीट निवडलेल्या चार-पाचांना पाठवा आणि बजेट मोकळेपणाने सांगा. आणि निर्णय झाला की बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवा. तुमच्या उत्तराची वाट बघत त्यांनी ८० खोल्या अडवून ठेवलेल्या असतात.