पोटॅशियम-४०ची चौकट

आवर्तसारणीत आरगॉन अठराव्या जागेवर आहे आणि पोटॅशियम एकोणिसाव्या. अणुभार मात्र उलटे आहेत: आरगॉनचा ३९.९५ आणि पोटॅशियमचा ३९.१०. मागच्या जागेवरचे मूलद्रव्य जड आणि पुढचे हलके, असे का? आवर्तसारणी याचे उत्तर देत नाही, कारण तिथे एका मूलद्रव्याला एकच घर असते. उत्तरासाठी दुसरा तक्ता उघडावा लागतो. त्यात पोटॅशियमला एक नव्हे, एका ओळीत डझनाहून अधिक चौकटी मिळतात.

हा न्यूक्लाइडचा तक्ता. ठरावीक प्रोटॉन आणि ठरावीक न्यूट्रॉन असलेल्या अणुकेंद्रकाला न्यूक्लाइड म्हणतात, आणि अशा प्रत्येक जोडीला इथे स्वतंत्र चौकट असते. खालून वर जाताना प्रोटॉन एकेकाने वाढतात, डावीकडून उजवीकडे जाताना न्यूट्रॉन. दोन्हींची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक, नावापुढे लिहिलेला आकडा. काळ्या चौकटी स्थिर केंद्रकांच्या आणि रंगीत चौकटी किरणोत्सारी केंद्रकांच्या असतात. काही पाठ्यपुस्तके अक्षांची अदलाबदल करतात, म्हणून नवा तक्ता हाती आला की कोणत्या अक्षावर काय आहे हे आधी पाहावे. ते चुकले की पुढची प्रत्येक दिशा चुकते.

आता पोटॅशियम-४०ची चौकट शोधू. प्रोटॉन १९ आणि न्यूट्रॉन २१, म्हणजे एकोणिसावी ओळ आणि एकविसावा रकाना. या एका चौकटीतून तीन रेषा जातात आणि तीन नाती दाखवतात.

आडव्या ओळीत तिच्या डावीकडे पोटॅशियम-३९ आहे आणि उजवीकडे पोटॅशियम-४१. तिघांत प्रोटॉन एकोणीसच, फक्त न्यूट्रॉन वेगळे. हे एकमेकांचे आयसोटोप, म्हणजे समस्थानिके. रासायनिक वागणूक प्रोटॉनच्या संख्येवर ठरत असल्यामुळे केळ्यातल्या पोटॅशियममध्ये तिघेही मिसळलेले असतात आणि शरीर त्यांच्यात भेद करत नाही. निसर्गात सुमारे ९३.३ टक्के वाटा पोटॅशियम-३९चा आणि ६.७ टक्के पोटॅशियम-४१चा आहे. मधल्या पोटॅशियम-४०च्या वाट्याला ०.०१२ टक्के येतात.

उभ्या रकान्यात खाली आरगॉन-३९ आणि वर कॅल्शियम-४१ आहे. मूलद्रव्ये वेगळी, न्यूट्रॉन मात्र प्रत्येकात २१. हे आयसोटोन. आयसोटोपच्या शेवटचा ‘प’ प्रोटॉनचा आणि आयसोटोनच्या शेवटचा ‘न’ न्यूट्रॉनचा, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. रसायनशास्त्राला या नात्याचा उपयोग नाही, म्हणून शाळेत ते व्याख्येपुरतेच येते. ही उपेक्षा योग्य नाही, कारण शेजारच्या विसाव्या रकान्यात मोठी गोष्ट दिसते. तिथे गंधक-३६, क्लोरिन-३७, आरगॉन-३८, पोटॅशियम-३९ आणि कॅल्शियम-४० अशा पाच काळ्या चौकटी एकावर एक उभ्या आहेत. एकोणिसाव्या आणि एकविसाव्या रकान्यांत एकही केंद्रक स्थिर नाही. वीस न्यूट्रॉन म्हणजे केंद्रकातला एक पूर्ण भरलेला कवच-थर असतो आणि असे केंद्रक विशेष घट्ट बांधलेले असते. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांना भौतिकशास्त्रज्ञ ‘जादुई संख्या’ म्हणतात. त्यांच्या रकान्यांवरून नुसती नजर फिरवली, तरी केंद्रकाच्या आतली रचना दिसू लागते.

तिसरी रेषा तिरकी आहे. पोटॅशियम-४०पासून एक घर वर आणि एक घर डावीकडे गेले की कॅल्शियम-४०, एक घर खाली आणि एक घर उजवीकडे गेले की आरगॉन-४०. एक प्रोटॉन वाढला तर एक न्यूट्रॉन कमी, त्यामुळे बेरीज चाळीसच. हे आयसोबार, म्हणजे समभारी. त्यांची वस्तुमाने मात्र तंतोतंत सारखी नसतात. अणुभाराच्या एककांत आरगॉन-४० आहे ३९.९६२४, कॅल्शियम-४० आहे ३९.९६२६ आणि मधले पोटॅशियम-४० सर्वांत जड, ३९.९६४०. फरक पाचव्या-सहाव्या अंकातला, पण पोटॅशियम-४०चे भवितव्य त्यावरच ठरते. दोन्हीकडचे शेजारी हलके असल्यामुळे ते दोन्ही बाजूंना घसरू शकते. शंभरांपैकी सुमारे ८९ केंद्रकांत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हा बीटा क्षय, त्यातून कॅल्शियम-४० बनते. उरलेली सुमारे ११ केंद्रके आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन आत ओढून घेतात. त्यांच्यातल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आरगॉन-४० तयार होते. बीटा क्षय कोणताही असो, केंद्रक आपल्या तिरक्या रेषेवरच सरकते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. हवेतल्या आरगॉनपैकी ९९.६ टक्के आरगॉन-४० आहे आणि ते जवळपास सगळे पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियम-४०पासून बनलेले आहे. पोटॅशियमचा मोठा वाटा ३९चा आणि आरगॉनचा ४०चा, म्हणून मागच्या जागेवरचे आरगॉन जड भरते.

याच तिरक्या रेषेवर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वय मोजले जाते. लाव्हा रसरशीत असताना त्यातला आरगॉन वायू बहुतांश निसटून जातो. खडक थिजल्यावर जो नव्याने बनतो, तो खनिजांत अडकून राहतो. पोटॅशियम-४०चा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षे आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळात मूळच्या हजार अणूंपैकी ३६ बदलतात आणि त्यांतले जेमतेम चार आरगॉन होतात. उरलेले ३२ कॅल्शियम-४० होतात, पण घड्याळ म्हणून ते बेसाल्टमध्ये कामाचे नाहीत. खडकातल्या साध्या कॅल्शियममध्येच ९७ टक्के कॅल्शियम-४० असते, त्यात हे ३२ ओळखायचे कसे?

पोटॅशियम आणि आरगॉन दोन वेगळ्या तुकड्यांवर वेगळ्या रीतीने मोजले, तर चूक शिरायला जागा राहते. म्हणून खडकाचा नमुना अणुभट्टीत ठेवतात. वेगवान न्यूट्रॉन पोटॅशियम-३९वर आदळून आत शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. तक्त्यावर पाहिले तर एक घर खाली, एक घर उजवीकडे: आरगॉन-३९. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २६८ वर्षे आहे, म्हणून इतक्या जुन्या खडकात ते आधीपासून साठलेले नसते. वय ठाऊक असलेले एक खनिज नमुन्यासोबत भट्टीत ठेवतात आणि किती पोटॅशियमचे रूपांतर झाले ते त्यावरून काढतात. मग एकाच वायूची दोन समस्थानिके, ४० आणि ३९, एकाच यंत्रात मोजून वय मिळते. हवेतून शिरलेले आरगॉन आरगॉन-३६वरून ओळखून वजा करतात, कारण हवेत एका ३६मागे सुमारे तीनशे ४० असतात.

तरीही फसगत होते. खडक झिजला की अडकलेला आरगॉन गळतो आणि वय कमी दिसते. हे ओळखण्यासाठी नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याचे वय वेगळे काढतात. सलग बरेच टप्पे एकच वय सांगत असतील तर ते विश्वासार्ह. कमी तापमानाचे टप्पे तरुण आणि पुढचे म्हातारे दिसले तर आरगॉन गळला आहे असे समजावे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा तक्ता इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो. तो उघडून सहावी ओळ आणि आठवा रकाना गाठा. तिथे कार्बन-१४ आहे. त्याच्या ओळीत, रकान्यात आणि तिरक्या रेषेवर कोण बसले आहे ते स्वतः लिहून काढा, आणि त्याचा क्षय झाल्यावर ते कोणत्या चौकटीत जाईल तेही.