सरावाची पानं आणि खरी पानं

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की, ‘नियम नीट समजावून सांगितला तर माणसाला काम यायलाच हवं, नाही का?’ आज त्याचं उत्तर आम्ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून न देता एका साध्या कामातून देणार आहोत. निवृत्तीनंतर काही वर्षं आम्ही एका ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं संगणकावर आणण्याच्या कामावर देखरेख केली. पानाचा फोटो काढायचा, संगणकाने तो ‘वाचून’ अक्षरं तयार करायची, आणि मग माणसाने फोटो आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवून तपासायचा. या तपासण्याला नवीन माणूस नेमला की त्याला खरी पानं द्यायच्या आधी सरावाची पानं कशी द्यायची, हा आजचा विषय.

नियम एका ओळीचा आहे: संगणकाने केलेली चूक दुरुस्त करा, बाकी कशाला हात लावू नका. कोणीही मान डोलावेल. पण पानावर ‘चूक’ दिसते ती तीन प्रकारची असते. पहिली संगणकाची. तो ‘घर’चं ‘धर’ करतो, ‘भला’चं ‘मला’ करतो, ‘ख’चं ‘रव’ करतो. ‘धर’ आणि ‘मला’ हे खरे शब्द असल्यामुळे शब्दकोश लावून ते सापडत नाहीत, फोटोच बघावा लागतो. दुसरी चूक म्हणजे चूकच नव्हे, ते जुनं लेखन. १९६२ च्या नियमांनी अनेक अनुस्वार गेले, त्यापूर्वी लोक ‘नाहीं’, ‘नांव’, ‘घरें’ असंच लिहीत. आजच्या डोळ्याला तो ठिपका धुळीसारखा वाटतो, आणि हात आपोआप तो पुसायला जातो. तिसरी चूक छापखान्याची. जुळाऱ्याने खिळा चुकीचा लावलेला असतो. ती चूक खरी, पण ती पुस्तकाची आहे, आपली नाही. जशी छापली तशी ठेवायची.

आता हा ठिपका क्षुल्लक म्हणू नका. जुन्या लेखनात ‘मी येतों’ असं अनुस्वाराने लिहीत आणि ‘तो येतो’ बिनअनुस्वाराचं. मराठीत आपण कर्ता सहज गाळतो. नुसतं ‘उद्यां येतों’ एवढंच छापलेलं असलं, तर येणारा कोण हे तो एक ठिपका सांगतो. ठिपका पुसला की माणूस हरवला. सुरुवातीला आम्ही एका हुशार मुलाला दोन तास नियम समजावून सरळ खऱ्या पानांवर बसवलं होतं. आठवड्यात त्याने दोनशे पानं ‘शुद्ध’ केली. सगळी पुन्हा करावी लागली. दोष त्याचा नव्हता.

कांटने १७८१ साली ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये ही अडचण नेमकी पकडली आहे. नियम शिकवता येतो, पण समोरची गोष्ट त्या नियमाखाली येते की नाही, हे ठरवायला आणखी एक नियम दिला तर तो लावायला तिसरा लागेल. ही साखळी संपत नाही. म्हणून निर्णयशक्ती शिकवता येत नाही, तिचा सराव करता येतो, असं तो म्हणतो. उदाहरणांना तो पांगुळगाड्याची उपमा देतो. आमची सरावाची रांग म्हणजे असाच पांगुळगाडा. त्याची चाकं कुठे बसवायची, एवढंच आमच्या हातात.

आम्ही चाळीस पानं निवडली, खऱ्या कामातूनच. प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधी तयार होतं. पहिली तीन पानं शेजारी बसून करायची, बाकीची एकट्याने, आणि त्याच दिवशी संध्याकाळी निकाल हातात. चार दिवसांनी निकाल दिला तर आपण ‘धर’ का सोडलं हे त्या माणसालाच आठवत नाही.

मार्क मोजताना आमचीच पहिली चूक झाली. आम्ही फक्त किती चुका पकडल्या ते मोजत होतो. समजा, एका पानात संगणकाच्या वीस चुका आहेत. एकाने अठरा पकडल्या आणि दुसरं काहीच बदललं नाही. दुसऱ्याने वीसच्या वीस पकडल्या, पण जोडीला नऊ अनुस्वार पुसले. आमच्या हिशेबात दुसरा पहिला आला! सुटलेल्या दोन चुका पुढचा तपासणारा फोटो बघून पकडू शकतो. पुसलेला अनुस्वार आजच्या डोळ्याला खटकतच नाही, त्यामुळे कोणी शोधायलाही जात नाही. तेव्हापासून आम्ही दोन रकाने केले, ‘सुटलेल्या’ आणि ‘नको त्या’. बेरीज कधीच केली नाही.

दुसरी चूक जरा उशिरा कळली. चाळीसही पानांत भरपूर चुका होत्या, कारण शिकवायला तीच सोयीची. मग माणसाला वाटू लागतं की प्रत्येक पानात काहीतरी असणारच, आणि नसलं तर तो निर्माण करतो. म्हणून दहा पानं अगदी स्वच्छ घातली. उलटा धोकाही आहे. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रयोगाने दाखवलं की शोधायची वस्तू निम्म्या वेळा असते तेव्हा लोक ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवतात, आणि शंभरात एकदाच असते तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा. खऱ्या कामात छपाई चांगली असलेल्या पुस्तकात चूक क्वचितच येते. तेव्हा सरावातले गुण खऱ्या पानांवर तसेच टिकतील असं धरून चालू नये. आम्ही खऱ्या पानांमध्येही अधूनमधून उत्तर माहीत असलेलं पान मिसळत राहिलो, आणि हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवत होतो. न सांगता केलं तर ती पाळत होते.

सराव कधी संपवायचा? नुसत्या गुणांवर नाही. आम्ही एक कोरा रकाना ठेवला होता, ‘हे असं का ठेवलं’. या रकान्यामुळे आमची फजिती कशी झाली ते सांगतो.

तेविसाव्या पानावर ओळ होती: ‘दादाचें पत्र मिळालें. उद्यां निघतो.’ पुस्तक प्रथमपुरुषी निवेदनाचं, सगळीकडे ‘निघतों’, ‘जातों’. उत्तर आम्ही एकट्यानेच तयार केलं होतं. संगणकाने ठिपका गाळला असं समजून आम्ही ‘निघतों’ केलं. नव्याने लागलेली एक मुलगी, संस्कृत घेऊन एम.ए. झालेली. तिने ‘निघतो’ तसंच ठेवलं आणि आमच्या उत्तराप्रमाणे तिची एक चूक धरली गेली. संध्याकाळी ती आली. म्हणाली, ‘सर, फोटोत ठिपका नाहीच आहे. आणि निघणारा दादा आहे ना? पत्रात त्याने तसं कळवलं असेल.’ आम्ही भिंग घेऊन फोटो पाहिला. ठिपका नव्हता. पुढचं पान उघडलं, तर दादा दुपारच्या गाडीने येऊन पोचला होता!

म्हणजे नियम सांगणारे आम्ही, आणि छापलेलं बदलणारेही आम्हीच. तिच्या आधी सहा जणांनी ते पान केलं होतं. त्यातल्या चौघांनी आमच्यासारखाच ठिपका घातला आणि आम्ही त्यांना बरोबर म्हटलं होतं. त्यांना परत बोलावून आम्ही ते पान पुन्हा दाखवलं. मग चाळीसही उत्तरं दोघांनी वेगवेगळी बसून नव्याने तयार केली आणि जिथे मतभेद झाला तिथे तिसऱ्याला विचारलं. अशी आणखी तीन ठिकाणं निघाली. तेविसावं पान मात्र रांगेत तसंच ठेवलं, फक्त उत्तर बदललं. आणि ती मुलगी दुसऱ्या सोमवारपासून खऱ्या पानांवर बसली.