दंड २८ सेंटिमीटर, त्यात स्नायू किती?

दोन पुरुष घ्या. दोघांच्या दंडाचा घेर टेपने अगदी सारखा, २८ सेंटिमीटर. शिंप्याला एवढं पुरे, बाही दोघांची एकच बेतेल. पण आजारातून उठलेल्या माणसाचं मांस किती झिजलं, हे टेप एकटी सांगू शकत नाही. तिला चरबीही दंडच वाटते.

म्हणून जोडीला चिमटा लागतो, स्किनफोल्ड कॅलिपर. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांच्या मध्यावर खूण करायची. मग हात सैल सोडायचा आणि त्या खुणेवर टेप फिरवायची, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतपत. दंडाच्या मागच्या बाजूला, खुणेच्या सेंटिमीटरभर वर, बोटांनी कातडी चरबीसकट उचलायची, स्नायू मात्र सोडून. चिमटा खुणेवर लावून दोनेक सेकंदांनी आकडा वाचायचा. उशीर केला तर चरबी दबत जाते आणि आकडा घसरतो.

आता दंड काकडीसारखा आडवा कापला असं समजा. बाहेर चरबीचं कडं, आत स्नायू, मधोमध हाड. चिमटीत कातडीचा दुहेरी थर येतो, म्हणजे चरबीच्या एका बाजूच्या जाडीच्या दुप्पट. व्यासातूनही दोन्ही बाजूंची जाडी मिळून तेवढंच वजा व्हायला हवं. त्यामुळे घेरातून चिमट्याच्या आकड्याची ३.१४ पट वजा केली की आतल्या गाभ्याचा घेर मिळतो. त्याचा वर्ग करून १२.५७ ने भागलं की क्षेत्रफळ.

पहिल्याचा चिमटा १२ मिलिमीटर, म्हणजे १.२ सेंटिमीटर. २८ वजा ३.७७, उरले २४.२३, क्षेत्रफळ सुमारे ४६.७ चौरस सेंटिमीटर. दुसऱ्याचा चिमटा २५ मिलिमीटर, तर क्षेत्रफळ जेमतेम ३२.३. यात हाड धरलेलं आहे. १९८२ मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे त्यासाठी पुरुषांत १० आणि स्त्रियांत ६.५ वजा करतात. म्हणजे स्नायू ३६.७ आणि २२.३. बाही एक, आणि फरक एवढा!

मिलिमीटरचे सेंटिमीटर करायला विसरलात तर गंमत होते. २८ मधून ३७.७ वजा होऊन उत्तर ऋण येतं, पण वर्ग करताच वजाचं चिन्ह गायब होतं आणि ७.५ असा साळसूद आकडा हाती पडतो. म्हणून वर्ग करण्याआधीचा आकडा जरूर पाहावा.

चिमटा २ मिलिमीटर चुकला तर उत्तर अडीचेक चौरस सेंटिमीटरने हलतं. टेप एक सेंटिमीटर सरकली तर चारने. लोक चिमट्यालाच घाबरतात, पण टेपकडेही तितकंच लक्ष हवं.

दंड अगदी गोल आणि चरबीचं कडं सगळीकडे सारखं, असं हे गणित गृहीत धरतं. दोन्ही पुरतं खरं नाही. खूप लठ्ठ माणसात ते स्नायू जास्त दाखवतं आणि हाताला सूज असेल तर पाणीही स्नायूत मोजलं जातं. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. महिन्याभराने तोच हात, तीच खूण, आणि शक्यतो मोजणाराही तोच ठेवून पुन्हा मोजा.