बंद मशीनमध्येही पाणी असतं

दक्षिण कोरियात सोल किंवा सुवॉनच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन बहुतेक वेळा स्वयंपाकघरामागच्या काचबंद व्हरांड्यात असतं. घरातली जमीन ओंडोलच्या गरम पाण्याने उबदार असते, पण व्हरांड्यात ती सोय सहसा नसते. म्हणून घरात 22 अंश असले तरी मशीन रात्रभर शून्याखाली उभं असू शकतं. आपल्याकडे मशीन बाल्कनीत ठेवायचं आणि नळ कायम उघडा ठेवायचा, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिथे गेल्यावरही ती तशीच चालू राहते. जानेवारीत नेमकी तीच महागात पडते.

मशीन गोठण्याबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे. कपडे बाहेर काढले, बटण बंद केलं, म्हणजे मशीन रिकामं झालं असं आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की नळापासून मशीनच्या व्हॉल्व्हपर्यंतचा इनलेट पाइप कायम पाण्याने भरलेला असतो आणि नळ उघडा असेल तर त्या पाण्यावर दाबही असतो. फ्रंट लोड मशीनमध्ये तर तळाच्या पंपाजवळही थोडं पाणी उरतंच. ड्रेन पाइप पंपापासून आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो. त्यामुळे पंप थांबला की चढत्या भागातलं पाणी उलटं पंपाकडे येतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पाइपमध्ये बर्फाचा बोळा तयार झाला की त्याच्या आणि बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह तडकतो. ही चीर बर्फ असेपर्यंत कळत नाही, वितळल्यावर गळायला लागते.

म्हणून कडाक्याच्या थंडीत दर धुण्यानंतर पाणी काढून टाकायचं. आधी नळ बंद करायचा. मग मशीन थंड पाण्यावर काही सेकंद चालू करायचं, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. आता नळाकडचं टोक सोडवून पाइप बादलीत ओतायचा. गरम पाण्याचा वेगळा पाइप असेल तर त्याचंही हेच करायचं, तो बहुतेकदा विसरला जातो. शेवटी फ्रंट लोड मशीनच्या समोर खाली असलेलं छोटं झाकण उघडायचं. आत टोपण लावलेली एक बारीक नळी असते. खाली पसरट भांडं ठेवून तिचं टोपण काढलं की तळाचं पाणी निघून जातं. ड्रेन पाइप जमिनीवर लोंबता किंवा वेटोळं घातलेला नको. जिथे झोळ पडतो तिथे पाणी साचतं आणि गोठायला सुरुवात तिथूनच होते. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात.

नळातून बारीक धार सोडून ठेवली की सगळं सुरक्षित राहतं, असंही सांगितलं जातं. वाहतं पाणी घरात येणारा पाइप वाचवतं, हे खरं. पण मशीनच्या पाइपचं दुसरं टोक व्हॉल्व्हने बंद असतं, त्यातलं पाणी हलतच नाही. शिवाय व्हरांड्यात सोडलेली धार थंडगार ड्रेन पाइपमध्ये उतरते आणि तिथे बर्फ धरते. धार सोडायचीच असेल तर ती घरातल्या बेसिनमध्ये सोडावी.

पाइपला जुनं कापड किंवा फोम गुंडाळल्याने ऊब तयार होत नाही, असलेली फक्त हळू निसटते. एका रात्रीसाठी त्याचा उपयोग आहे. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात सुट्टीला जाणाऱ्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये, त्यांनी मशीन पूर्ण रिकामं करूनच निघावं.

गोठल्यावर काय करावं, याबद्दलचे गैरसमज जास्त नुकसान करतात. सुवॉनमधल्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याकडे, उणे 14 अंशांच्या दोन रात्रींनंतर, मशीनने पाणी मिळत नसल्याचा कोड दाखवला. सॅमसंगच्या मशीनवर तो 4C असतो, एलजीच्या मशीनवर IE. मशीन गरम पाण्यावर लावलं की बर्फ आपोआप वितळेल, असा त्यांचा पहिला विचार होता. पण मशीनमधला हीटर आत आलेलं पाणी तापवतो. इथे पाणी आतच येत नव्हतं.

त्यांनी मग पाइप सोडवून नुसता नळ उघडला. पाणी आलं, म्हणजे नळ ठीक होता. पाइप मात्र दाबून पाहिला तर कडक लागत होता. तो त्यांनी 50 अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवला. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि नळाचं गार पाणी निम्मं निम्मं मिसळलं की साधारण तेवढं तापमान मिळतं. थेट उकळतं पाणी ओतलं तर गारठलेलं प्लॅस्टिक तडकतं आणि रबरी वायसर वाकडे होतात. थोड्या वेळाने पाइपमधून बर्फाची कांडी निसटली. पाइप जोडल्यावर पाणी आत येऊ लागलं.

बरेच जण इथेच चुकतात आणि कपडे टाकून मशीन सुरू करतात. या दोघांनी आधी खालची नळी उघडून पाहिली. तिच्यातून थेंबही आला नाही, म्हणजे पंप अजून गोठलेला होता. तशात मशीन लावलं असतं तर ड्रम पाण्याने भरला असता आणि पाणी बाहेर जाऊ न शकल्याने 5C किंवा OE हा कोड आला असता. त्यांनी ड्रममध्ये तसंच कोमट-गरम पाणी ओतून दीड तास वाट पाहिली. खालच्या नळीतून पाणी वाहू लागल्यावर कपड्यांशिवाय फक्त खंगाळणं आणि स्पिन चालवून खात्री करून घेतली.

तरीही एक तपासणी उरते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपलं मशीन नीट चालतंय म्हणजे धुवायला हरकत नाही, हा समज शेजाऱ्यांच्या घरात पाणी घालतो. उंच इमारतीत सगळ्या मजल्यांच्या व्हरांड्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपमधून उतरतं. कडाक्याच्या थंडीत हे पाणी उतरताना तळाशी थरावर थर गोठत जातं आणि पाइप बंद होतो. मग दहाव्या मजल्यावरचं साबणाचं पाणी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यातल्या सांडपाण्याच्या जाळीतून उसळून वर येतं. दहाव्या मजल्यावर याचा पत्ताही लागत नाही. कपडे टाकण्यापूर्वी आपल्या व्हरांड्यातल्या जाळीत दोन मग कोमट पाणी ओतून पाहा. ते साचून राहिलं तर मशीन अजिबात लावू नका. मात्र वरच्या मजल्यावर हे पाणी सहज निघून गेलं तरी तळाशी पाइप तुंबलेला असू शकतो, म्हणून इमारतीची सूचनाही पाळावीच लागते.

सकाळचं किमान तापमान उणे 12 किंवा त्याखाली सलग दोन दिवस राहण्याची शक्यता असली की कोरियाचं हवामान खातं शीतलहरीचा इशारा देतं. अशा वेळी इमारतीचं व्यवस्थापन कार्यालय घराघरातल्या स्पीकरवरून मशीन न लावण्याची सूचना देतं, पण ती कोरियनमध्ये असते आणि नव्या माणसाला कळत नाही. थंडीत स्पीकर वाजला आणि अर्थ लागला नाही, तर मशीनचं बटण दाबण्याआधी कार्यालयात फोन करा किंवा शेजाऱ्यांचं दार वाजवून विचारा.