पाच बारांश आणि ती न संपणारी सहाची रांग

सातवी-आठवीच्या वर्कशीटवर एक तक्ता असतो. अपूर्णांक, दशांश आणि टक्के असे तीन रकाने. प्रत्येक ओळीत एक भरलेला, दोन रिकामे. ३/४ ची ओळ मुलं न बघता भरतात, कारण पाऊण म्हणजे ७५ टक्के हे घरी कानावर पडलेलं असतं. माझ्या भाचीचं घोडं अडलं ते ५/१२ वर.

अपूर्णांकाचा दशांश करायचा म्हणजे अंशाला छेदाने भागायचं. ५ मध्ये १२ जात नाहीत, म्हणून शून्य आणि दशांशचिन्ह. ५० मध्ये चार वेळा, बाकी २. २० मध्ये एकदा, बाकी ८. ८० मध्ये सहा वेळा, बाकी पुन्हा ८. इथे पेन्सिल थांबवायची. तीच बाकी परत आली म्हणजे पुढचा भागाकारही तोच येणार आणि सहाची रांग कधीच संपणार नाही. ०.४१६६६… अशा या संख्येला आवर्ती दशांश म्हणतात, आणि आवर्ती अंकाच्या, म्हणजे इथे फक्त ६ च्या, डोक्यावर टिंब देतात. टिंब ४ वर किंवा १ वर गेलं की संख्याच बदलते.

भागाकार संपणार की नाही, हे आधीही कळतं. अपूर्णांकाला पूर्ण संक्षिप्त रूप द्यायचं आणि छेदाचे मूळ अवयव पाहायचे. त्यात २ आणि ५ सोडून दुसरं कुणी नसेल तर दशांश संपतो. बारामध्ये ३ बसलाय, म्हणून तो संपत नाही. पण संक्षिप्त रूप आधी द्यायला हवं: ९/१२ मध्येही छेद बाराच दिसतो, आणि तो निघतो ३/४, म्हणजे ०.७५.

आता टक्के. दशांशाला १०० ने गुणलं की ४१.६६६… टक्के. भाचीने लिहिलं ४१.६७. व्यवहारात ते चालतं. वर्कशीटवर मात्र ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ असं म्हटलेलं नसेल तर मी ते चूक धरीन, कारण अचूक उत्तर लिहिता येतं. ५/१२ ला थेट १०० ने गुणलं की ५००/१२, म्हणजे १२५/३, म्हणजे ४१ पूर्णांक २/३ टक्के.

आसन्न किंमत कुठे फसवते, ते उलट निघाल्यावर दिसतं. ४१.६७ टक्के म्हणजे ४१६७/१००००. याला संक्षिप्त रूप देताच येत नाही. ५/१२ त्यातून निघणार नाही. भाचीला वाटलं, आधीचा भागाकारच चुकला. तो बरोबर होता. हरवली होती ती सहाची रांग. १२५/३ टक्क्यांवरून परत या: १०० ने भागलं की १२५/३००, आणि २५ ने छेदलं की ५/१२. साध्या कॅल्क्युलेटरचीही हीच गत. पडद्यावर ०.४१६६६६६ एवढंच मावलं आणि तोच आकडा १२ ने गुणला, तर ४.९९९९९९२ येतात, ५ येत नाहीत.

मग न संपणाऱ्या दशांशावरून अपूर्णांकाकडे परत कसं यायचं? शेपटीला शेपटीनेच कापायचं. क्ष = ०.४१६६६… धरा. १००० क्ष म्हणजे ४१६.६६६… आणि १०० क्ष म्हणजे ४१.६६६… दोन्हींत दशांशचिन्हानंतर फक्त सहाच उरलेत. वजाबाकी केली की ती रांग नाहीशी होते: ९०० क्ष = ३७५. क्ष = ३७५/९००, आणि ७५ ने छेदल्यावर ५/१२.

उलट तपासणीलाही एक खोट आहे. समजा टक्के काढताना चिन्ह चुकून डावीकडे सरकवलं आणि ०.००४१६६६… टक्के लिहिले. परत येताना त्याच गैरसमजाने ते उजवीकडे सरकवलं, तर मूळ दशांश अगदी बिनचूक मिळतो आणि चूक लपते. म्हणून गेलो त्या वाटेने परतू नये. टक्क्यांवरून थेट छेद १०० करून अपूर्णांकावर उतरावं. शिवाय अंदाज हवाच: बारातले पाच म्हणजे निम्म्याला थोडे कमी, तेव्हा उत्तर पन्नासच्या जरा खालीच असायला हवं. व्याजदर ‘पाव टक्का’ कमी झाल्याच्या बातमीतही हाच घोळ होतो. पाव म्हणजे ०.२५ खरं, पण पाव टक्का म्हणजे ०.००२५, चारशेतला एक.

भाचीच्या वर्कशीटवरची पुढची ओळ तुमच्यासाठी ठेवतो. तिथे टक्क्यांच्या रकान्यात ५८ पूर्णांक १/३ छापलंय, बाकीचे दोन रकाने कोरे आहेत. अपूर्णांक आला की तो ५/१२ मध्ये मिळवून पाहा. बेरीज बरोबर १ यायला हवी.