ठाण्यातून गाडी सोडवताना

मामांच्या छोट्या टेम्पोची दुचाकीला धडक बसली, दुचाकीस्वाराचा पाय मोडला आणि टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात गेला. मामा पैसे घेऊनच ठाण्यात पोहोचले. "दंड किती तो सांगा, भरून टाकतो." हवालदार म्हणाले, "काका, दंडाने नाही सुटणार. कोर्टाची ऑर्डर आणा."

परवान्याविना किंवा नोंदणीविना चालवलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली अडकते, तेव्हा कागद दाखवून आणि दंड भरून ती सुटू शकते. पण गुन्हा दाखल झालेल्या अपघातातली गाडी म्हणजे पुरावा, मुद्देमाल. चालकाच्या दंडाचा निकाल मूळ खटल्यात लागतो. तोवर गाडी मालकाकडे ठेवायला द्यावी, असा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. त्यालाच सुपूर्तनाम्यावर गाडी सोडवणे म्हणतात.

वकिलांनी आधी आरसी मागितली. अर्ज आरसीवर नाव असलेल्यानेच करावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो रास्त आहे. जुनी गाडी घेऊन नाव बदलायचे राहिले असेल, तर आधीच्या मालकाला शोधत फिरावे लागते. टेम्पो मामांच्याच नावावर होता. आरसी, विमा, पीयूसी, चालकाचा परवाना, आधार आणि एफआयआरची प्रत जोडून अर्ज दाखल झाला.

खरा वेळ त्यानंतर गेला. न्यायालयाने पोलिसांचे आणि सरकारी वकिलांचे म्हणणे मागवले. पोलीस म्हणणे देईनात, कारण आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक आणि स्टिअरिंग तपासल्याचा अहवालच आला नव्हता. कलम 136 प्रमाणे तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार संपल्यावर चोवीस तासांत परत मिळायला हवी. आमचे दोन आठवडे सरले. निरीक्षकांना पत्र गेले का, हे पहिल्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना विचारायला हवे. रोजगार गाडीवर असलेल्या माणसाला एवढा उशीर परवडत नाही.

अपघाताच्या दिवशी विमा चालू होता, हे नशीब. विम्याविना गाडी चालवल्याचा पहिला दंड 2,000 रुपये आहे, पण अडचण दंडाची नसते. जखमीच्या भरपाईसाठी पुरेसे तारण दिल्याशिवाय न्यायालय अशी गाडी सोडत नाही.

आदेश आला तो एक लाखाच्या बंधपत्रावर. गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचे नाही, बोलावल्यावर हजर करायची. बंधपत्र मंजूर झाल्यावर आदेशाची प्रत मुद्देमाल कारकुनाकडे दिली. सही करण्याआधी मामांनी पंचनाम्याची प्रत हातात धरून टेम्पोभोवती फेरी मारली. बॅटरी होती, स्टेपनी होती, फुटलेला दिवा पंचनाम्यात लिहिलेला होता. मागचा आरसा मात्र तडकलेला निघाला. त्याची नोंद पावतीवर करून घेतली, मगच सही केली.